दुबईच्या ऑफर लेटरमधील प्रोबेशन, नोटीस आणि बोनस: तिन्ही कलमे एकत्र कशी वाचावीत

परदेशातील ऑफर लेटर हाती आले की बहुतेक उमेदवार पगाराचा आकडा पाहतात, तो मनातल्या मनात रुपयांत बदलतात आणि उरलेली पाने वरवर चाळून सही करतात. प्रत्यक्षात नोकरी सोडण्याची किंवा सुटण्याची वेळ आली की पगाराच्या आकड्याइतकीच तीन कलमे महत्त्वाची ठरतात, ती म्हणजे प्रोबेशन, नोटीस पिरियड आणि बोनस. ही कलमे पत्रात तीन वेगवेगळ्या पानांवर असली तरी त्यांचा परिणाम एकमेकांत गुंतलेला असतो. नोटीस कोणत्या तारखेला सुरू होते यावर बोनस मिळणार की बुडणार हे ठरते, आणि प्रोबेशन कधी संपते यावर नोटीस किती दिवसांची हे ठरते. म्हणून या लेखात एकच उदाहरण घेऊन तिन्ही कलमे तारखांवर मांडून पाहू. उदाहरण संयुक्त अरब अमिरातींतील, म्हणजे दुबई, अबू धाबी, शारजा इत्यादी ठिकाणच्या खासगी कंपनीचे आहे.

तेथील खासगी नोकऱ्यांना २०२१ चा फेडरल डिक्री-कायदा क्रमांक ३३ लागू होतो. तो २ फेब्रुवारी २०२२ पासून अमलात आहे. पत्र वाचण्यापूर्वी कंपनीची नोंदणी कुठे आहे हे मात्र विचारून घ्यावे, कारण दुबई इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटर आणि अबू धाबी ग्लोबल मार्केट या दोन वित्तीय क्षेत्रांचे कामगार नियम स्वतंत्र आहेत आणि पुढील हिशेब तेथे जसाच्या तसा लागू होत नाही. इतर फ्री झोनमध्ये कराराचा नमुना झोनच्या प्राधिकरणाचा असू शकतो, पण कायदा साधारणपणे हाच असतो.

पहिली पायरी: तुमच्या हातात नेमके कोणते पत्र आहे?

उमेदवाराला सहसा दोन कागद मिळतात. पहिला कंपनीच्या लेटरहेडवरील ऑफर लेटर, जे एचआर विभाग ईमेलने पाठवतो. दुसरा मनुष्यबळ आणि अमिरातीकरण मंत्रालयाच्या ठरावीक नमुन्यातील ऑफर. त्यावर उमेदवाराची सही झाल्यानंतरच वर्क परमिटची प्रक्रिया पुढे सरकते. हा नमुना अरबी व इंग्रजीबरोबर तिसऱ्या भाषेतही मिळतो आणि त्या भाषांत हिंदी आहे. इंग्रजी कायदेशीर मजकुराची सवय नसलेल्यांनी हिंदी प्रत आवर्जून मागावी.

दोन कागदांत फरक असणे ही अपवादाची गोष्ट नाही. मंत्रालयाच्या नमुन्यात मूळ वेतन, भत्ते, प्रोबेशनचा काळ आणि नोटिशीचा काळ यांच्या जागा ठरलेल्या असतात, पण बोनसचे कलम अनेकदा फक्त कंपनीच्या पत्रात राहते. उद्या वाद झाला तर मंत्रालयासमोर सर्वांत आधी त्यांच्याकडे नोंदलेला करार उघडला जाईल. त्यामुळे बोनस महत्त्वाचा असेल तर तो मंत्रालयाच्या ऑफरमधील अतिरिक्त अटींच्या भागात लिहून घ्यावा, किंवा निदान कंपनीच्या पत्रावर अधिकृत व्यक्तीची सही आणि शिक्का आहे हे पाहावे. केवळ ईमेलच्या मजकुरात किंवा फोनवर सांगितलेला बोनस हिशेबात धरू नये.

उदाहरणातील पत्र

आपल्या उदाहरणातील उमेदवाराला महिना ९,००० दिरहम पगार देऊ केला आहे. त्यात मूळ वेतन, म्हणजे बेसिक, ४,५०० दिरहम आहे. घरभाडे भत्ता २,५००, प्रवास भत्ता १,००० आणि इतर भत्ता १,००० दिरहम आहे. रुजू होण्याची तारीख २ मार्च २०२६ आहे. प्रोबेशन सहा महिने आणि त्यानंतरची नोटीस ६० दिवसांची. जॉइनिंग बोनस ६,००० दिरहम असून १२ महिन्यांच्या आत कंपनी सोडल्यास तो परत करायचा आहे. वार्षिक बोनसबद्दल असे लिहिले आहे: ‘कंपनीच्या स्वेच्छाधिकारानुसार, प्रोबेशन पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यांना दोन महिन्यांच्या बेसिकपर्यंत वार्षिक बोनस, सेवेच्या प्रमाणात, पुढील वर्षी मार्चच्या पगारासोबत देण्यात येईल, मात्र देयकाच्या दिवशी कर्मचारी सेवेत असला पाहिजे व नोटीस पिरियडमध्ये नसला पाहिजे.’

अशी वाक्ये सरसकट सगळीकडे असतात, त्यामुळे ती वाचून दचकण्याचे कारण नाही. मात्र या एका वाक्यात चार अटी आहेत आणि प्रत्येक अटीला पैशांत किंमत आहे.

दुसरी पायरी: प्रोबेशनच्या शेवटच्या तारखेची नोंद करा

कायद्यानुसार प्रोबेशन कामावर रुजू झाल्यापासून सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही, आणि एकाच मालकाकडे एकाच कामगाराला दुसऱ्यांदा प्रोबेशनवर ठेवता येत नाही. म्हणून ‘कंपनीला प्रोबेशन आणखी तीन महिने वाढवण्याचा अधिकार राहील’ असे वाक्य तीन महिन्यांच्या मूळ प्रोबेशनपुढे असेल तर चालते, सहा महिन्यांपुढे असेल तर नाही. आपल्या उदाहरणात प्रोबेशन १ सप्टेंबर २०२६ रोजी संपते. त्यानंतर उमेदवार कामावर कायम राहिला तर कन्फर्मेशनचे पत्र मिळो वा न मिळो, प्रोबेशनचा काळ त्याच्या सेवेत धरला जातो.

प्रोबेशनमध्ये मालकाला नोकरी संपवायची असेल तर किमान १४ दिवस आधी लेखी नोटीस द्यावी लागते. ‘प्रोबेशनमध्ये कोणत्याही क्षणी, विनानोटीस’ असे पत्रात असले तरी कायद्याचे किमान संरक्षण त्या वाक्याने काढून घेता येत नाही. नोटीस न देता लगेच घरी पाठवले तर त्या दिवसांच्या वेतनाची भरपाई द्यावी लागते. ९,००० दिरहम भागिले ३० म्हणजे दिवसाला ३००, आणि १४ दिवसांचे ४,२०० दिरहम होतात.

कामगाराच्या बाजूने मात्र नियम एकसारखा नाही आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. नोकरी सोडून देश सोडायचा असेल तर १४ दिवसांची लेखी नोटीस पुरते. अमिरातींतच दुसऱ्या कंपनीत जायचे असेल तर किमान एक महिन्याची नोटीस द्यावी लागते, आणि तुम्हाला आणण्यासाठी जुन्या मालकाने केलेल्या खर्चाची भरपाई नव्या मालकाने करायची असते, दोघांत वेगळे ठरले नसेल तर. देश सोडून तीन महिन्यांच्या आत नवीन परमिटवर परत आलात तरी ही भरपाई नव्या मालकाला चुकत नाही, त्यामुळे ‘चौदा दिवसांत निघू आणि महिन्याने दुसऱ्या कंपनीतून येऊ’ ही सांगोवांगीची युक्ती समजली जाते तितकी सोपी नाही. हे नियम न पाळता निघून गेल्यास, काही अपवाद वगळता, एक वर्षापर्यंत नवीन वर्क परमिट मिळत नाही.

इथे नव्या मालकाने भरायचा खर्च आणि कामगाराकडून वसूल केला जाणारा खर्च यांत फरक करावा लागतो. भरती आणि नेमणुकीचा खर्च कामगाराकडून थेट किंवा आडवळणाने वसूल करण्यास कायद्याने मनाई आहे. ‘प्रोबेशनमध्ये नोकरी सोडल्यास व्हिसा, तिकीट व भरतीचा खर्च उमेदवाराच्या पगारातून कापला जाईल’ असे कलम दिसले तर सहीपूर्वीच ते काढून टाकण्याची लेखी विनंती करावी. कंपनी त्यावर कसे उत्तर देते यावरून तिच्या कारभाराचा बराच अंदाज येतो, असे माझे मत आहे. प्रोबेशनमध्ये पगारी आजारी रजा मिळण्याचा हक्क नसतो, हेही पहिल्या सहा महिन्यांचा खर्च आखताना ध्यानात ठेवावे.

तिसरी पायरी: नोटीस दोन्ही बाजूंनी मोजा

प्रोबेशन संपल्यावर नोटीस ३० दिवसांपेक्षा कमी आणि ९० दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. तिचा काळ दोन्ही बाजूंना सारखाच असावा लागतो, वेगळा असेल तर तो कामगाराच्या फायद्याचा असला पाहिजे. पत्रात कंपनीने स्वतःसाठी ३० आणि कर्मचाऱ्यासाठी ९० दिवस लिहिले असतील तर ते दाखवून देऊन दुरुस्ती मागता येते.

नोटीस लांब असावी की आखूड, याचे उत्तर प्रत्येकासाठी वेगळे आहे. ६० दिवसांची नोटीस म्हणजे कंपनीने काढले तर दोन महिन्यांचा पगार हाताशी असतो. परदेशात घरभाडे आणि व्हिसा दोन्ही नोकरीवर अवलंबून असताना हा मोठाच आधार आहे, शिवाय मालकाने नोटीस दिली असेल तर नवे काम शोधायला आठवड्यातून एक दिवस विनावेतन सुट्टी घेता येते. तेच ६० दिवस तुम्ही सोडताना नव्या कंपनीला थांबवून ठेवतात. ज्यांच्या क्षेत्रात नोकऱ्या पटापट बदलतात त्यांनी ३० दिवस मागावेत, घरच्यांना सोबत नेणाऱ्यांनी ६० स्वीकारावेत, असे मी सुचवीन. ९० दिवस मात्र फार वरच्या पदांखेरीज उमेदवाराच्या सोयीचे क्वचितच असतात.

नोटीस पूर्ण न करणाऱ्या बाजूला उरलेल्या दिवसांच्या वेतनाइतकी भरपाई द्यावी लागते, दुसऱ्या बाजूचे काही नुकसान झाले असो वा नसो. ही भरपाई शेवटच्या वेतनावर मोजली जाते, म्हणजे बेसिकवर नव्हे तर भत्त्यांसह पूर्ण पगारावर. उदाहरणात ६० दिवसांचे ३०० दिरहमप्रमाणे १८,००० दिरहम होतात. पत्रात ‘नोटिशीऐवजी बेसिक वेतन’ असे लिहिले असेल तर तीच रक्कम ९,०००, म्हणजे बरोबर निम्मी होते. त्यामुळे नोटिशीच्या कलमात ‘बेसिक’ हा शब्द दिसतो का, हे बोट ठेवून पाहावे आणि दिसल्यास ‘एकूण वेतन’ असा बदल मागावा. उलट दिशेने, तुम्ही दुसऱ्या दिवशीच निघून गेलात तर तेच १८,००० तुमच्याकडून मागितले जाऊ शकतात. नोटीस परस्परसंमतीने कमी करता येते, पण ती संमती लेखी असावी. वरिष्ठाने तोंडी म्हटलेले ‘जा, हरकत नाही’ अंतिम हिशेबाच्या वेळी उपयोगी पडत नाही.

चौथी पायरी: बोनसच्या वाक्याचे तुकडे करा

अमिरातींच्या कायद्यात वार्षिक बोनस देण्याची सक्ती नाही. बोनस मिळतो तो केवळ कराराच्या शब्दांमुळे, आणि म्हणून त्याचे प्रत्येक विशेषण मोलाचे असते. आता उदाहरणातील वाक्य क्रमाने पाहू.

‘दोन महिन्यांच्या बेसिकपर्यंत’ म्हणजे १८,००० नव्हे, तर जास्तीत जास्त ९,००० दिरहम. ‘पर्यंत’ या शब्दामुळे शून्यसुद्धा कराराच्या आत बसते. एचआरने मुलाखतीत ‘दोन पगारांचा बोनस’ म्हटले असेल आणि पत्रात बेसिक आले असेल तर अपेक्षा आणि करार यांत निम्म्याचा फरक सहीपूर्वीच पडलेला असतो.

‘सेवेच्या प्रमाणात’ यात सेवा कोणत्या तारखेपासून मोजायची हे लिहिलेले नाही. रुजू झाल्यापासून मोजली तर मार्च ते डिसेंबर २०२६ असे दहा महिने होतात आणि कमाल बोनस ९,००० च्या बारा भागांपैकी दहा, म्हणजे ७,५०० दिरहम येतो. पण त्याच वाक्यात ‘प्रोबेशन पूर्ण झालेल्या कर्मचाऱ्यांना’ असेही आहे. याचा अर्थ प्रोबेशन पूर्ण झाल्यावर पात्रता येते एवढाच, की पात्रता आणि मोजणी दोन्ही तेव्हापासून सुरू होतात? दुसरा अर्थ लावला तर सप्टेंबर ते डिसेंबर हे चारच महिने उरतात आणि आकडा ३,००० वर येतो. ४,५०० दिरहमचा, म्हणजे एका पूर्ण बेसिकचा हा फरक एका अस्पष्ट वाक्यातून निर्माण झाला आहे. त्यावर उपाय म्हणजे एचआरला एक साधा प्रश्न लेखी विचारणे: पात्र ठरल्यानंतर बोनसची मोजणी रुजू तारखेपासून होईल की कन्फर्मेशनच्या तारखेपासून?

‘कंपनीच्या स्वेच्छाधिकारानुसार’ हे शब्द असले की बोनसवर हक्क सांगणे अवघड होते. ते काढून टाकायला कंपन्या सहसा तयार होत नाहीत, आणि त्यावर अडून बसण्यात फारसा अर्थ नाही. त्याऐवजी मोजमाप काय असेल हे विचारावे. वैयक्तिक उद्दिष्टे किती टक्के आणि कंपनीचा नफा किती टक्के, उद्दिष्टे कोणत्या महिन्यापर्यंत लेखी मिळतील, आणि रक्कम कोण ठरवेल? सूत्र लेखी असेल तर मागणीला आधार मिळतो. सूत्रच नसेल तर तो बोनस शून्य धरून बाकीच्या पगारावर नोकरी परवडते का, हे पाहणे शहाणपणाचे आहे.

जॉइनिंग बोनसची गोष्ट वेगळी आहे. ते पैसे आधी हातात येतात आणि अटीनुसार परत जातात. ‘१२ महिन्यांच्या आत कंपनी सोडल्यास’ यात सोडण्याची तारीख म्हणजे राजीनाम्याची की शेवटच्या कामाच्या दिवसाची, हे स्पष्ट करून घ्यावे. परतफेड पूर्ण रकमेची असण्याऐवजी उरलेल्या महिन्यांच्या प्रमाणात असावी, आणि कंपनीनेच नोकरी संपवली तर, गैरवर्तनाचा अपवाद सोडून, परतफेड लागू नसावी. या दोन मागण्या वाजवी आहेत आणि अनेकदा मान्यही होतात.

पाचवी पायरी: तिन्ही कलमे एकाच कॅलेंडरवर ठेवा

समजा, आपल्या उमेदवाराला फेब्रुवारी २०२७ मध्ये अधिक चांगली नोकरी मिळाली आणि त्याने १० फेब्रुवारीला राजीनामा दिला. साठ दिवस मोजल्यावर त्याचा शेवटचा दिवस ११ एप्रिल येतो. मार्चचा पगार ३१ मार्चला होतो असे धरू. त्या दिवशी तो सेवेत आहे, पण नोटीस पिरियडमध्येही आहे, म्हणून वार्षिक बोनस जातो. ज्या वर्षाच्या कामाचा तो बोनस आहे ते वर्ष डिसेंबरमध्येच संपलेले असले तरी शेवटच्या अटीमुळे ७,५०० दिरहमपर्यंतच्या रकमेवर पाणी सोडावे लागते. जॉइनिंग बोनसचे १२ महिने १ मार्च २०२७ रोजी संपतात. राजीनामा त्यापूर्वीचा आहे आणि शेवटचा दिवस त्यानंतरचा. चौथ्या पायरीतील प्रश्न विचारून ठेवला नसेल तर ६,००० दिरहमचा वाद इथे उभा राहतो.

हाच राजीनामा १ एप्रिलला, बोनस खात्यात जमा झाल्यावर दिला तर शेवटचा दिवस ३१ मे होतो आणि दोन्ही रकमा सुरक्षित राहतात, पण नव्या कंपनीला जूनपर्यंत थांबावे लागते. ती थांबेलच असे नाही. म्हणून नवी ऑफर स्वीकारताना बुडणाऱ्या बोनसची रक्कम सांगून तिची भरपाई नव्या कंपनीच्या जॉइनिंग बोनसमधून मागणे हा रूढ मार्ग आहे. आणि पहिल्याच पत्रात ‘देयकाच्या दिवशी नोटीस पिरियडमध्ये नसावा’ याऐवजी ‘३१ डिसेंबर रोजी सेवेत असावा’ एवढा बदल मिळवला असता तर हा पेच निर्माणच झाला नसता. सहीपूर्वी एकच दुरुस्ती मागायची असेल तर मी हीच मागेन.

याच कॅलेंडरवर सेवासमाप्तीची ग्रॅच्युइटीही मांडावी. ती बोनस नाही, कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे ‘ग्रॅच्युइटी बोनसमध्ये समाविष्ट’ असे वाक्य स्वीकारू नये. एक वर्षाची सेवा पूर्ण झाल्यावर पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचे बेसिक मिळते आणि राजीनामा दिला म्हणून ते कमी होत नाही. उदाहरणात दिवसाचे बेसिक १५० दिरहम, म्हणून पहिल्या वर्षाचे ३,१५०, आणि शेवटचा दिवस ११ एप्रिल धरला तर वर्षावरील ४१ दिवसांचे आणखी सुमारे ३५०. वर्ष पूर्ण होण्यापूर्वी शेवटचा दिवस आला असता तर हा आकडा शून्य झाला असता. बेसिक कमी आणि भत्ते जास्त अशी पगाराची रचना कंपन्यांना का आवडते, ते यातून कळते.

सहावी पायरी: प्रश्न कसे विचारावेत आणि सही कधी करावी

सर्व प्रश्न एकाच ईमेलमध्ये, कलमाचा क्रमांक देऊन आणि तुम्ही लावलेला अर्थ लिहून विचारावेत. ‘कलम अमुकचा अर्थ मी असा समजतो की मोजणी रुजू तारखेपासून होईल, हे बरोबर आहे का?’ अशा प्रश्नाला होय किंवा नाही एवढेच उत्तर द्यावे लागते, म्हणून ते लवकर येते. ‘बोनस पॉलिसी समजावून सांगा’ म्हटले की मोघम उत्तर मिळते. उत्तर होकारार्थी असले तर तो मजकूर सुधारित पत्रात घालण्याची विनंती करावी. पत्रात ‘कंपनीच्या धोरणानुसार’ असा उल्लेख असेल तर ते धोरणही मागून वाचावे, कारण सही केल्यावर तेही तुम्हाला लागू होते.

सध्याच्या नोकरीचा राजीनामा मंत्रालयाच्या नमुन्यातील ऑफरवर सह्या होऊन एंट्री परमिट हाती आल्याशिवाय देऊ नये. कंपनी घाई करत असेल तर रुजू होण्याची तारीख ‘परमिट मिळाल्यापासून अमुक दिवसांनी’ अशी लिहून घ्यावी. तेथे पोहोचल्यावर जो रोजगार करार सहीसाठी पुढे येतो तो ऑफरशी ओळीओळीने ताडून पाहावा. बेसिकचा आकडा, प्रोबेशनचे महिने, नोटिशीचे दिवस आणि अतिरिक्त अटी या चार जागा आधी तपासाव्यात. ऑफरपेक्षा कमी फायद्याच्या अटी करारात घालता येत नाहीत, आणि तसे दिसल्यास सही थांबवून मंत्रालयाकडे तक्रार नोंदवता येते. त्यासाठी सही केलेल्या ऑफरची प्रत आणि एचआरची ईमेल-उत्तरे कंपनीच्या मेलबॉक्सबाहेर, स्वतःच्या खात्यात ठेवलेली असावीत, कारण नोकरी संपल्याच्या दिवशी कंपनीचा मेलबॉक्स सर्वांत आधी बंद होतो.